दोन दिवसांत १४ हजार फॉलोअर: पेज खरं की विकतचं?

बर्डीवाला: सीताबर्डीवर माझं सावजी भोजनालय आहे. एक फूड पेजवाला एका रीलचे १२ हजार मागून राहिला. त्यानं ऑडिटचा स्क्रीनशॉट पाठवला: फॉलोअर ४८,०००, शेवटच्या १२ पोस्टवरून एंगेजमेंट रेट ४.२ टक्के. ग्राफमध्ये ९ आणि १० तारखेला मिळून १४ हजार फॉलोअर चढलेले दिसतात. पैसे द्यावे का?

धरमपेठी: अजिबात नाही. असे एकदम चढलेले फॉलोअर विकतचेच.

मारबतप्रेमी: असं कसं भाऊ? पिवळ्या मारबतीच्या माझ्या रीलनं चार दिवसांत नऊ हजार आणले, एक रुपया खर्च नाही. मलाही लोक चोर म्हणाले होते.

आकडेमोड: दोन हॉटेलांची पेजं सांभाळतो, म्हणून सांगतो. चढ किती यापेक्षा त्यानंतर काय झालं ते पाहा. रील चालली की वाढ हळूहळू ओसरते, चार-पाच दिवस तरी शेपूट राहतं. विकतचे फॉलोअर जिन्याच्या पायरीसारखे चढतात, मग रेघ सपाट, आणि पुढे रोज थोडे गळतात, कारण इन्स्टाग्राम खोटी खाती काढत असतं. ९ तारखेच्या आसपास कोणती रील होती?

बर्डीवाला: संत्रा बर्फीची, साडेतीनशे लाइक. ११ पासून रेघ सपाटच आहे. पण २२ तारखेला फुकट थाळीचा गिव्हअवे होता, त्यावर लाइक-कमेंट १९,८०० आहेत.

धरमपेठी: मग गिव्हअवेमुळेच वाढले असतील, माझं चुकलं.

आकडेमोड: २२ चा गिव्हअवे ९ तारखेला फॉलोअर कसे आणेल? त्यानं वाढवला तो रेट. ४८ हजार फॉलोअरच्या ४.२ टक्के म्हणजे पोस्टमागे सुमारे २,०१६ लाइक-कमेंट, बारा पोस्टचे मिळून २४,१९२. त्यातून १९,८०० काढा, उरले ४,३९२. अकरा पोस्टला वाटले तर जेमतेम ४०० येतात, म्हणजे रेट ०.८३. तुमची रील त्या अकरांसारखीच चालणार. आणि स्क्रीनशॉटवर जाऊ नका, ब्राउझरमध्ये आकडा बदलायला मिनिट लागतं. प्रोफाइलपासून इनसाइट्सपर्यंत न थांबता केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग मागा, त्यात फॉलोअर कोणत्या शहरांतले ते पाहा. तुमची थाळी खायला नागपूरचेच येतील ना.

बर्डीवाला: रेकॉर्डिंग आलं. पहिलं शहर नागपूर, पण फक्त १९ टक्के. तो म्हणतो, कुण्या जळणाऱ्यानं बदनाम करायला फॉलोअर टाकले.

मारबतप्रेमी: होतं असंही. दुसऱ्याच्या खात्यावर कोणीही टाकू शकतो.

आकडेमोड: हो, ते बाहेरून सिद्ध होत नाही. पण फॉलोअर कोणीही टाकलेले असोत, तुम्ही ४०० लाइकवाल्या पेजचा भाव लावा.

धरमपेठी: मी तर त्या पैशात काळ्या रस्स्याची हंडी वाढवली असती.

बर्डीवाला: तीन हजार सांगितले. अजून उत्तर नाही आलं.