मदत हवी आहे: मे महिन्याचा पी अँड एल आधी 3 लाख तोटा, मग 23 हजार नफा, आणि जून मध्येच गडबड. नक्की काय वाचायचं?

कराडचा_वहीवाला

नमस्कार मंडळी. कराडला माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे, दीड वर्ष झालं. त्याआधी चार वर्षं सांगलीला एका घाऊक दुकानात कामाला होतो, तिथले मालक अण्णा अजून मला धरून शिकवतात. मे महिन्याचा पी अँड एल अकाउंटंटने पाठवला आणि खाली निव्वळ तोटा 3,05,000 बघून माझी झोप उडाली. अकाउंटंट म्हणतो मार्चला सगळं बसतं, दर महिन्याचं एवढं मनावर घेऊ नको. मग अण्णांना कागदाचा फोटो पाठवला, त्यांनी हाताने पत्र लिहून कुरिअरने पाठवलं (व्हॉट्सअॅपवर लांब लिहायला त्यांना जमत नाही). पत्र जसंच्या तसं टाईप करतोय, प्रश्न शेवटी आहे.

> चि. बाळास अनेक आशीर्वाद.
>
> कागद मिळाला. तू खालचा आकडा आधी वाचलास ही पहिली चूक. हा कागद वरून खाली वाचायचा असतो, आणि वरचा भाग चुकला असेल तर खाली बघायचंच नाही.
>
> मे ची विक्री 3,20,000. गल्ल्यात याहून जास्त आले असतील, पण त्यातला जीएसटी तुझा नव्हे, तो इथे धरत नाहीत. महिन्याच्या सुरुवातीचा माल 4,10,000, खरेदी 5,60,000, गाडीभाडं हमाली 8,000. आता शेवटचा शिल्लक माल बघ. तिथेही 4,10,000 च आहे. अरे, शाळा उघडायच्या आधी तू गोदाम वह्यांनी भरलंस, मला चालायला जागा नव्हती, आणि कागद म्हणतो माल जेवढा होता तेवढाच आहे! म्हणजे तुझ्या अकाउंटंटने मार्चचाच आकडा पुढे ओढलाय. त्याच्या हिशेबाने तू महिन्यात आणलेल्या सगळ्या वह्या विकल्यास, त्याही 3,20,000 ला. तोटा तिथून आला.
>
> तू 31 मे ला रात्री मोजदाद केली होतीस ती वही काढ. खरेदीच्या भावाने 7,38,000 भरतात असं फोनवर म्हणाला होतास. मग सुरुवातीचा माल, खरेदी आणि हमाली मिळून 9,78,000, त्यातून 7,38,000 वजा. विकलेल्या मालाची किंमत 2,40,000. विक्री 3,20,000, वर सुटले 80,000. शंभराला पंचवीस.
>
> हा पंचवीसचा आकडा वहीत लिहून ठेव. रुपये महिन्यागणिक वरखाली होतात, शेकडा फार हलता कामा नये. हलला तर काहीतरी झालंय. खरं सांगू तर पंचवीस बघून मला जरा शंकाच आहे, वह्यांच्या दिवसात एवढं सुटत नाही. जूनचा कागद आला की बघू.
>
> खालचे खर्च 57,000. भाडं 18,000, दोन मुलांचा पगार 24,000, वीज 4,200, कर्जाचं व्याज 6,500, मशीनचं कमिशन 1,100, चहापाणी किरकोळ 3,200. बरोबर दिसतात. फक्त विमा तू वर्षाचा एकदम भरतोस, तो यात नाही, त्याचा बारावा हिस्सा मनाशी धर. उरले 23,000.
>
> आता तू विचारशील मग पैसे कुठेत. कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल 11,000 या कागदावर येत नाही, फक्त व्याज येतं. घरी नेतोस ते 25,000 पण येत नाहीत. आणि सगळ्यात मोठी रक्कम वह्यांच्या गठ्ठ्यात बसलीय. ती जूनमध्ये सुटेल.
>
> वहिनींना नमस्कार सांग.

तर, मोजदादीचा आकडा टाकून मे चा कागद नीट झाला असं वाटलं. पण आता जूनचा आलाय. विक्री 6,40,000, म्हणजे डबल, आणि वरचा नफा फक्त 1,05,600. शेकडा साडेसोळा! जून शेवटची मोजदाद पण मीच केलीय, 4,18,000, दोनदा मोजलं. अण्णा वारीला गेलेत आणि फोन घरी ठेवून जातात. 25 चे 16.5 कसे झाले? पोरांवर संशय घ्यायचा का? कृपया कोणीतरी सांगा.

फक्त_रिटर्न

एवढा त्रास कशाला, प्रिझम्प्टिव्ह मध्ये जा ना. विक्रीच्या 8 टक्के नफा धरून रिटर्न भरायचा, ऑनलाईन आलेल्यावर 6. पी अँड एल ची भानगडच नाही.

कराडचा_वहीवाला

दादा रिटर्नचा प्रश्न नाहीये, दुकान चालतंय की बुडतंय ते बघायचंय.

गल्लेवाला

अण्णा बरोबर बोलले, शिल्लक माल टाकल्याशिवाय महिन्याच्या पी अँड एल ला काही अर्थ नाही, आमच्याकडे पण हाच घोळ होता. पण खरेदी भावाने मोजत बसू नको, रात्र जाते. मी सगळं एमआरपीने मोजतो आणि सरसकट 25 टक्के कमी करतो, दोन तासात काम. तुझा जूनचा आकडा मोजण्यातच चुकला असणार, माझ्या पद्धतीने परत करून बघ.

चोख_हिशेब

गल्लेवाले, विक्री किमतीतून मार्जिन वजा करून माल काढायची पद्धत चुकीची नाही, मोठी दुकानं पण करतात, पण ती एकसारखं मार्जिन असलेल्या मालाला, गटागटाने. याच्याकडे वह्या आणि गिफ्ट दोन्ही आहे. समजा 100 ला विकायची वही तो 86 ला आणतो, तुम्ही 75 धरणार. 200 ची फोटोफ्रेम 110 ला आणतो, तुम्ही 150 धरणार. मे अखेरीस गोदामात वह्याच जास्त, म्हणजे माल खूप कमी दिसणार आणि फायदा पण. दिवाळीला फ्रेम भरल्या की उलटं, न विकलेल्या फ्रेमवर नफा दिसेल. खरेदी भावच बरा.

वहीवाले, तुमच्या अण्णांना शंका आली होती ती योग्य जागी आली होती. मला जून पेक्षा मे वर संशय आहे. एक सांगा, 31 मे च्या रात्री मोजलेल्या मालात असा काही माल होता का ज्याचं बिल टॅलीत जूनमध्ये पडलं? आवक रजिस्टर किंवा चलनं असतील तर मे चा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला आठवडा बिलांशी लावून बघा. पोरांवर जाऊ नका इतक्यात.

मेडिकलवाली_ताई

माझं मेडिकल आहे, माझ्याकडे एक्स्पायरीचा माल परत जातो तेव्हा पण शेकडा असाच हलतो. माल दुकानातून गेला पण कंपनीची क्रेडिट नोट दोन-दोन महिने येत नाही, मग तो महिना खराब दिसतो. तो माल मोजदादीत धरायचा की नाही हे मला अजून कोणी नीट सांगितलं नाहीये. तुमच्याकडे वह्या परत जातात का?

कराडचा_वहीवाला

@चोख_हिशेब सर सापडलं!! कोल्हापूरच्या पार्टीचं बिल 29 मे चं, माल 30 ला उतरवला, मीच रचला, मीच मोजला. बिल माझ्या ड्रॉवरमध्ये राहिलं आणि अकाउंटंटला 4 जूनला दिलं, त्याने 4 जूनलाच टाकलं. 16,000 चं आहे. पण 16 हजाराने एवढा फरक पडेल का?

ताई, वह्या परत जात नाहीत पण पेनचा एक बॉक्स गळका निघाला तो जूनमध्ये परत दिलाय, नोट आली नाही अजून. तो मोजदादीत धरला नाही.

चोख_हिशेब

पडतो, कारण तो दोन्हीकडे उलटा पडतो. मे मध्ये माल मोजला पण खरेदी धरली नाही, म्हणजे 16,000 फुकटात आल्यासारखे. मे चा वरचा नफा 80,000 नाही, 64,000. शेकडा 20. जूनवर मे च्या खरेदीचं ओझं आलं होतं, ते काढलं की 1,05,600 चे 1,21,600 होतात, शेकडा 19. आता दोन्ही महिने शेजारी शेजारी बसले की नाही?

वाईट बातमी ही की मे चे खर्च 57,000 गेल्यावर 23 नाही, 7,000 च उरतात.

अकाउंटंटला सांगा नोंद बिलाच्या तारखेने, आणि बिल आलं नसेल तरी उतरलेल्या मालाची यादी मोजदादीसोबत द्या. टॅलीत तुमचा माल बहुतेक आयटमवाईज ठेवलेला नाही. `F11` मध्ये `Integrate Accounts with Inventory` हे `No` असेल तर `Stock-in-Hand` खालच्या लेजरमध्ये दर महिनाअखेरचा आकडा हाताने टाकावा लागतो. नाही टाकला तर जुनाच दाखवत राहतं, तुमच्या 3 लाखांचं मूळ ते.

कराडचा_वहीवाला

हो `No` च आहे, आत्ता बघितलं. पण सर मे मध्ये 7 हजार म्हणजे मी घरी 25 नेले ते कुठून नेले? आणि 20 चे 19 हा एक टक्का?

चोख_हिशेब

6,40,000 वर एक टक्का म्हणजे 6,400. शाळांना एकगठ्ठा माल वटाव देऊन दिला असेल, जूनमध्ये वह्यांचा वाटा जास्त असेल, गळक्या पेनांचा बॉक्स आहेच. विक्रीचे वह्या आणि बाकी असे दोन लेजर करा, खरेदीचे पण दोन, मोजदाद पण दोन भागात. दोन महिने असं केल्याशिवाय मी इथून काही सांगणार नाही, कोणी सांगितलं तर तो अंदाज.

25 हजार उधारीवर आणलेल्या मालाच्या पैशातून नेलेत, दुसरीकडून येणार कुठून. घाऊकवाल्याचे पैसे जुलैमध्ये द्यायचे असतील ना?

कराडचा_वहीवाला

10 तारखेपासून सुरू.

गल्लेवाला

पण स्वतःचा पगार खर्चात धरायला पाहिजे असं मला वाटतं, तो मालक आहे म्हणून फुकट राबतो का? 25 धरले तर मे मध्ये तोटाच आहे, 18 हजार.

चोख_हिशेब

पुस्तकात नाही धरत, एकट्याची मालकी असेल तर ते भांडवलातून उचल म्हणून जातं. पण स्वतःच्या वहीत धरून बघायला माझी ना नाही, उलट बघावंच. फक्त वर्षाचं बघा. स्टेशनरीवाल्याचा एकटा मे घेतला तर तो असाच दिसणार, जूनचा खाली काय उरलं ते त्याने अजून टाकलं नाहीये.

कराडचा_वहीवाला

जूनचे खर्च 63,500, एक मुलगा सीझनला जास्तीचा ठेवला होता. म्हणजे दुरुस्तीनंतर 58,100 उरले. दोन्ही महिने मिळून 65,100, घरी नेले 50,000, मुद्दल 22,000. 6,900 कमी पडतात. अकाउंटंटला फोन केला, तो म्हणाला मे बंद केलाय, आता तारीख बदलायला लावू नको. त्याला कसं पटवू ते सांगा, आणि ताईंच्या क्रेडिट नोटचं पण कोणाला माहीत असेल तर लिहा, माझा पेनचा बॉक्स तसाच अडकलाय.