आसामचा सीटीसी चहा: फोटोवरून दर्जा कळेल का?

सायली_पुणे: ओळखीच्यांनी जोरहाटहून सुटा सीटीसी चहा आणलाय. आवडला तर पाच किलो एकदम मागवायचाय. दोन फोटो टाकलेत. पहिल्यात कोरडी पूड, काळपट तपकिरी दाणे आणि मधूनमधून लालसर काड्या. दुसऱ्यात स्टीलच्या पेल्यातला कोरा चहा, अगदी गडद. माल चांगला आहे का? रंग तर मिसळला नसेल ना?

कडक_चहा: एवढा गडद उतरलाय म्हणजे चांगलाच. थंड पाण्यात चिमूटभर टाकून बघा, रंग सुटला तर भेसळ.

रानवारा: माझ्याकडचा दार्जिलिंग हिरवट दिसतो आणि फिकाच उतरतो. मलाही फसवलं का?

बागान_बाबू: रानवारा, वसंतातल्या पहिल्या खुडीचा असेल तर तो तसाच असतो. तो सीटीसीच्या मापाने मोजू नका.

सायलीताई, लालसर काड्या म्हणजे देठ आणि शिरांचे तंतू. जून पानं खुडली गेली किंवा चाळणी नीट झाली नाही की ते राहतात. दाणे मात्र एकसारखे दिसतायत, ते चांगलं.

कडक_चहा, खरा चहाही थंड पाण्यात हळूहळू रंग सोडतो. त्यापेक्षा ओल्या गाळणकागदावर पूड पसरा, थोड्या वेळाने झटकून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. डाग उरला तर रंगाचा संशय घ्यायचा.

गडदपणावरून दर्जा ठरत नाही, तजेला बघावा लागतो, आणि स्टीलच्या पेल्यात तो दिसत नाही. पांढऱ्या कपात 2 ग्रॅम पूड, 100 मिली उकळतं पाणी, झाकून 6 मिनिटं, मग गाळा. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, शेजारी कोरा कागद ठेवून फोटो काढा; कागद पिवळा आला तर चहाचा रंगही खोटा. चोथ्याचाही फोटो टाका.

सायली_पुणे: केलं. कागदावर डाग नाही. बोअरच्या पाण्यात चहा मळकट उतरला, वर साय आली. फिल्टरच्या पाण्यात तांबूस, कडेला सोनेरी. पण निवल्यावर गढूळ झाला! चोथा तांब्याच्या रंगाचा आहे.

कडक_चहा: गढूळ म्हणजे काहीतरी मिसळलंय.

बागान_बाबू: नाही हो. कॅफिन आणि चहातली रंगद्रव्यं थंडीत एकत्र येतात, त्याने तो दुधाळतो; कस असलेल्या आसाम चहाची ती खूणच. पुन्हा गरम केला की निवळेल. मळकटपणा बोअरच्या जड पाण्याचा. चोथाही छान आहे, हिरवट किंवा काळा असता तर शंका घेतली असती. कारखान्यात काम नीट झालंय, चाळणी ढिली आहे. काड्यांवरून भाव पाडून मागा.

सायली_पुणे: गरम केल्यावर खरंच निवळला. पण माल जुना आहे का, हे कळेल?

बागान_बाबू: फोटोवरून नाही. दमट जागी पडून राहिलेल्या चहाला वास येतो आणि चव सपाट लागते. भिजलेला गरम चोथा नाकाशी धरून बघा.

सायली_पुणे: धरला. वास मंद आहे, पण कुबट नाही. तुलनेला ताजा आसाम घरात नाही. आधी एकच किलो मागवते.