अनुभव धागा : कधीच न भेटलेल्या सहकाऱ्यांशी ओळख कशी झाली?

घोडबंदरवाली: पूर्ण वर्क फ्रॉम होम. टीम निम्मी पोलंडमध्ये, निम्मी बंगळुरूत. कामापुरतं सगळे गोड बोलतात, पुढे काही नाही. एचआरने ऑनलाइन चहापान ठेवलं तर सगळे म्यूटवर बसून चहा पितायत. तुमची खरी ओळख नेमकी कशी झाली ते लिहा.

ऐरोलीकर: मी टेस्टिंगमध्ये आहे, माझाही एक डेव्हलपर पोलंडचाच. पहिली गोष्ट, नुसतं 'हाय' टाकून थांबायचं नाही. आपले सकाळचे दहा म्हणजे तिकडे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेपाच, तो उठून 'हाय, बोल' म्हणेपर्यंत आपला अर्धा दिवस गेला. मी पहिल्याच मेसेजमध्ये सगळं लिहिलं, की अर्धा रिफंड दिला की रक्कम एका पैशाने चुकते, लॉग जोडलाय, राउंडिंगचा घोळ वाटतो, घाई नाही, उद्या बघितलंस तरी चालेल. त्याने दुरुस्त केलं. मग बहुतेक लोक थम्सअप देऊन गप्प बसतात, मी टीमच्या चॅनलवर लिहिलं की मूळ कारण याने कसं शोधलं. त्यानंतर वीस मिनिटांचा कॉल मागितला, विषय एकच, हे मॉड्यूल असं का लिहिलंय. त्याचे सकाळचे अकरा, आपले अडीच. काम लवकर संपलं आणि गडी जंगलात मशरूम गोळा करायला जातो त्यावर सुरू झाला, मी त्याला आपल्या कोकणातल्या अळंब्या सांगितल्या. आता काही अडलं तर तोच आधी मला विचारतो, ओळख झाली हे मला त्यावरून कळलं.

नेरुळचा_निनाद: एवढं कशाला, कॅमेरा कायम चालू ठेवायचा, चेहरा दिसला की माणूस आपोआप जवळचा होतो.

कळव्याची_काकू: दोघांच्या कॉलवर ठीक आहे रे. पंधरा जणांच्या मीटिंगमध्ये कोण कोणाचा चेहरा बघतंय! आणि वन रूम किचनमध्ये मागे सासूबाई भाजी निवडत असतात. मी आणि बंगळुरूची एक मुलगी कॅमेरा बंद करून, चालत चालत बोलतो, ती जास्त मोकळी बोलते.

बेलापूर_एक्सप्रेस: मी लिंक्डइनवर ढीगभर रिक्वेस्ट पाठवल्या, रेफरल कोणीच देत नाही. काय करू?

ऐरोलीकर: अहो धागा त्याचा नाहीये. पण रेफरल देणाऱ्याला कंपनी विचारू शकते, याला कसा ओळखतोस? तो काय सांगणार? जुन्या टीममधल्या, तुमचं काम बघितलेल्या माणसापासून सुरुवात करा.

कळव्याची_काकू: जुन्या टीमवरून आठवलं, नोकरी सोडली की ऑफिसचं चॅट त्याच दिवशी बंद होतं. पर्सनल नंबर किंवा मेल नोटीस पिरियडमध्येच घ्या.

घोडबंदरवाली: घेईन. ऐरोलीकर, चॅनलवर कौतुक करायचं म्हणता, पण आमचा लीड त्याला चमचेगिरी म्हणतो, त्याचं काय करायचं? आणि अमेरिकेतली टीम असेल, आपली रात्र झाल्यावर उठणारी, त्यांचं कोणाला जमलंय का?