मदत हवी आहे : एकाच पुरातले दावे आणि जीपीडीचा उंबरठा

नमस्कार मंडळी. निपाणी-चिकोडीकडच्या दुकानदारांच्या मदत निधीसाठी मोठ्या नुकसानीचा अंदाज काढतोय. 2012 ते 2024 चे 1,480 दावे आहेत, सगळे 2024 च्या किमतीत आणलेले. विम्याची कमाल मर्यादा नाही, त्यामुळे आकडे वरून कापलेले नाहीत.

उंबरठा 2 लाख धरला की 74 दावे वर राहतात. जीपीडी बसवून ξ = 0.45, β = 1.6 लाख येतं आणि 99.5 टक्क्यांची पातळी साधारण 8.5 लाख. मीन एक्सेस आलेख 2 लाखांपुढे बऱ्यापैकी सरळ आहे. उंबरठा 3 लाख केला की 41 दावे उरतात आणि ξ 0.7 वर जातो. प्रमाण त्रुटी 0.27 असल्याने एवढा फरक निव्वळ योगायोगही असू शकतो.

खरी अडचण वेगळीच. या 41 पैकी 22 दावे ऑगस्ट 2019 च्या पुराच्या एकाच आठवड्यातले. वेदगंगेचं पाणी एकाच गल्लीतल्या सलग दुकानांत शिरलं, म्हणजे ते स्वतंत्र नाहीत आणि ती त्रुटीसुद्धा फसवी. प्रत्येक पुरातला फक्त सर्वात मोठा दावा ठेवून पाहिला, तर उरतात 20 आणि ξ ची मर्यादा 1 च्याही पलीकडे जाते. तिथे सरासरी अतिनुकसान काढण्यात अर्थच नाही. शिवाय निधीला फटका बसतो तो पुराच्या एकूण रकमेचा.

मग प्रत्येक पुराची बेरीज हेच एक निरीक्षण धरून नव्याने उंबरठा ठरवावा, की सगळे दावे तसेच ठेवून फक्त बूटस्ट्रॅप पूरनिहाय करावा?