मदत हवी आहे: जर्मन सबसिडियरीचा ऑडिटर ग्रुप इन्स्ट्रक्शन्सवर सही देत नाहीये

खतावणी_पुणे
मंडळी, अर्जंट आहे. मार्च २०२५ च्या ग्रुप ऑडिटसाठी जर्मनीतल्या सबसिडियरीच्या ऑडिटरला इन्स्ट्रक्शन्स पाठवल्या, चाळीसेक पानं, सोबत क्वेश्चनेअर आणि सही करायचा फॉर्म. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं की हे आमच्या कामात बसत नाही, आमचा रिपोर्ट जूनमध्ये मिळेल. जूनमध्ये घेऊन काय त्याचं लोणचं घालू? पार्टनर रोज विचारतायत. कोणाकडे चांगला फॉरमॅट असेल तर द्या, बहुतेक आमच्या पत्रातच काहीतरी राहिलंय.

मीनल_के
फॉरमॅट नंतर बघू. कंपनी लिस्टेड आहे का? जर्मन कंपनीचं वर्ष डिसेंबर की मार्च? तो ऑडिटर तुमच्या नेटवर्कमधला का बाहेरचा? आणि बाकीच्या सबसिडियरींचं काय ठरवलंय?

डेबिट_क्रेडिट_दादा
एवढं टेन्शन कशाला घेताय. आपल्याकडे एसए ६०० आहे, त्यात दुसऱ्या ऑडिटरच्या कामाची जबाबदारी त्याची. अदर मॅटरमध्ये एक पॅरा टाका, इतकी मालमत्ता, इतका रेव्हेन्यू आम्ही तपासलेला नाही, संपलं. वीस वर्षं हेच करतोय.

खतावणी_पुणे
लिस्टेड आहे हो, म्हणून तर निकाल ३० मेपर्यंत द्यायचेत. ऑटो पार्ट्स. ऑडिटर तिथलाच, छोटी फर्म, आमचा काही संबंध नाही. त्यांचं वर्ष डिसेंबर. कन्सोलिडेटेड रेव्हेन्यू ६४० कोटी, त्यात इंडिया ४३०, जर्मनी १५०, दुबई ४०, अमेरिका २०. सिंगापूरला एक होल्डिंग कंपनी आहे, तिचा रेव्हेन्यू शून्य म्हणून सोडली. स्कोपमध्ये फक्त जर्मनी घेतली, ग्रुपची परफॉर्मन्स मटेरियालिटी १.२ कोटी आहे तीच त्यांना कळवली.

डेबिट_क्रेडिट_दादा
मग झालंच की. इंडिया अधिक जर्मनी म्हणजे नव्वद टक्के. सेबीला ऐंशी लागतात.

सांगलीकर_सीए
दादा, ते ऐंशी टक्के तिमाही निकालांसाठी आहेत. रेव्हेन्यू, मालमत्ता, नफा, तिन्हींचे वेगवेगळे ऐंशी टक्के ऑडिट किंवा लिमिटेड रिव्ह्यूखाली आले पाहिजेत, आणि ती जबाबदारी कंपनीवर टाकलीय. वर्षअखेरच्या ऑडिटचा स्कोप त्या आकड्यावर ठरत नाही. आणि नुसता पॅरा टाकून सुटायचे दिवस गेले, एनएफआरएचं ऑक्टोबर २०२३ चं सर्क्युलर वाचा. जुन्या ६०० मध्येसुद्धा दुसऱ्या ऑडिटरला आधी कळवा, त्याने काय केलं त्याची चर्चा करा, लेखी सारांश बघा, हे सगळं आहेच. आपण ते वाचत नव्हतो एवढंच.

खतावणी, मला विचाराल तर जर्मनीपेक्षा सिंगापूरची काळजी जास्त. ती होल्डिंग कंपनी कशासाठी काढली होती? जर्मन कंपनी विकत घ्यायला बँकेचं कर्ज तिच्या नावावर काढलंय का?

खतावणी_पुणे
हो, ९० कोटीच्या आसपास बाकी आहे. गॅरंटी पुण्याच्या कंपनीची.

सांगलीकर_सीए
वाटलंच. तिच्या पुस्तकात मालमत्ता म्हणजे जर्मनीतली गुंतवणूक, ती कन्सोलिडेशनमध्ये उडते. रेव्हेन्यू नाही. म्हणजे रेव्हेन्यूच्या आणि मालमत्तेच्या टक्केवारीत ती शून्यच दिसणार, पण बाहेरच्या बँकेचं कर्ज उडत नाही, ते जसंच्या तसं तुमच्या बॅलन्सशीटवर येतं. मार्चला कोव्हेनंट मोडला असेल आणि बँकेचं वेव्हर वेळेत हातात नसेल तर अख्खे ९० कोटी करंटमध्ये जातील. सगळ्यात आधी हे बघायचं. कर्जाचे कागद पुण्याच्या ट्रेझरीत असतील तर सिंगापूरच्या ऑडिटरच्या मागे लागूसुद्धा नका. बँक कन्फर्मेशन थेट तुमच्याकडे मागवा आणि कोव्हेनंटचं गणित स्वतः करा.

कंपनी मोठी का छोटी यावर स्कोप ठरवू नका. कन्सोलिडेटेड बॅलन्सशीटमधली धोक्याची ओळ कुठल्या कंपनीतून येते ते शोधा, आणि तिथे त्या ओळीपुरतं काम द्या.

वृषाली_फेमा
सर्वांना नमस्कार, इथे एपीआरचं कोणीच बोललं नाही. परदेशी सबसिडियरी असेल तर दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एडी बँकेकडे एपीआर जायलाच हवा, राहिला की लेट फी आणि पुढचे रेमिटन्स अडकतात. आधी ते तपासा.

मीनल_के
ताई, बरोबर आहे पण त्यांचा प्रश्न तो नाहीये 😅

स्टुटगार्टचा_पक्या
मी इथे एका मशीन कंपनीत अकाउंट्सला आहे, ऑडिटर नाही, पण हे नाटक दर वर्षी बघतो. इथल्या ऑडिटरला गुप्ततेचं बंधन कायद्याने आहे, मोडलं तर फौजदारी होते. क्लायंटने लेखी मोकळीक दिल्याशिवाय तो तुमच्याशी क्लायंटबद्दल अक्षर बोलणार नाही. दुसरं, त्याची नेमणूक डिसेंबरच्या जर्मन कायद्यातल्या ऑडिटसाठी आहे. मार्चचं, इंड एएसचं पॅकेज तपासायचं कामच त्याला कोणी दिलेलं नाही. त्या कामाचं वेगळं एंगेजमेंट लेटर, वेगळी फी आणि नुकसानभरपाईची मर्यादा लागते. तो अडून बसलाय असं नाही, इथे सगळे असंच वागतात. जर्मन कंपनीच्या मॅनेजिंग डायरेक्टरला एक फोन करा.

डेबिट_क्रेडिट_दादा
मार्चचं पॅकेज हवंच कशाला? तीन महिन्यांचा फरक चालतो. डिसेंबरचे आकडे घ्या.

सांगलीकर_सीए
चालतो, पण मार्चचे हिशेब काढणं व्यवहारात शक्य नसेल तर, आणि मधल्या मोठ्या व्यवहारांची ॲडजस्टमेंट करून. लिस्टेड कंपनी जर्मनीकडून दर तिमाहीला पॅकेज मागवतेच, मग शक्य नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? शिवाय डिसेंबरचे आकडे घेतले तरी ते जर्मन पद्धतीचे. पेन्शनची तरतूदच बघा. तिथे व्याजदर दहा वर्षांच्या सरासरीचा, आपल्याकडे वर्षअखेरचा बाजारातला. तो फरक जर्मन ऑडिटर तपासणार नाही, तुम्हाला ॲक्च्युअरीचा वेगळा रिपोर्ट मागवावा लागेल.

आता पत्र. ती चाळीस पानं बाजूला ठेवा, दोन-तीन पानी करा. मार्चअखेरचा सेल्स कटऑफ, स्टॉक मोजणीला हजेरी, पुण्याबरोबरचं येणं-देणं, पेन्शनची कर्मचारी यादी, एवढंच काम द्या. १.२ कोटी मात्र बदला. अख्ख्या ग्रुपची मर्यादा एकाच कंपनीला दिलीत तर प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं सुटलेलं एकत्र होऊन ग्रुपची मर्यादा ओलांडेल. मी ८० लाख दिले असते, साधारण ९० हजार युरो. पत्रात युरोतच लिहा, आणि त्याखालची किती रकमेपासूनची चूक तुम्हाला कळवायची तेही.

अर्धवट_सीए
१.२ कोटी रेव्हेन्यूच्या प्रमाणात वाटले तर? जर्मनीला २८ लाख येतात.

सांगलीकर_सीए
तसं केलं तर सुरक्षित होईल पण काम तिप्पट आणि फीही. सगळ्यांची बेरीज १.२ व्हायलाच हवी असं काही नाही, फक्त प्रत्येकाची रक्कम १.२ पेक्षा खाली हवी. किती खाली, ते धोका आणि मागच्या वर्षीच्या चुका बघून.

चायना_रिटर्न
तुम्हाला निदान उत्तर तरी आलं. आमच्या चीनच्या कंपोनंटमध्ये वर्किंग पेपर्स देशाबाहेर नेऊ देत नाहीत, शेवटी आमचा मॅनेजर तिकडे जाऊन त्यांच्या ऑफिसात बसून बघून आला. जेवण मात्र झकास.

खतावणी_पुणे
पक्या भाऊ, अगदी तेच निघालं. मॅनेजिंग डायरेक्टर म्हणाले मोकळीक आज देतो, फीचं पुण्याला विचारा. पुण्याचे सीएफओ म्हणतात एकाच कंपनीच्या ऑडिटचे दोनदा पैसे का द्यायचे. पार्टनरना ऑडिट कमिटीशी बोलायला सांगितलंय. सिंगापूरचं कन्फर्मेशनचं पत्र आजच काढतो, कोव्हेनंटची शीट मागितली तर ट्रेझरीवाला गप्प झाला.

सांगलीकर_सीए
गप्प झाला? मग फीचं राहू द्या, आधी ती शीट आणा.

मीनल_के
आणि दुबईचे डेटर्स किती जुने आहेत ते पण बघा. ४० कोटीच्या सेलवर येणं किती आहे?

खतावणी_पुणे
३१ कोटी 😐

डेबिट_क्रेडिट_दादा
पॅरा टाका हो.