मदत हवी आहे: अ‍ॅपमधला एरर मेसेज सोप्या मराठीत कसा लिहावा? (तातडीचे)

ओझरकर
नमस्कार मंडळी. नाशिकजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी अँड्रॉइड अ‍ॅप केलंय. कांदा प्रतवारी केंद्रावर ट्रॉली कधी आणायची ती वेळ शेतकरी बुक करतात आणि २०० रुपये अनामत भरतात. काही गडबड झाली की "काहीतरी चुकले. कृपया पुन्हा प्रयत्न करा" असं येतं. लोकांना ते कळत नाही म्हणे, क्लायंट रोज डोकं खातोय. याजागी गावाकडच्या माणसाला समजेल असं एक वाक्य सुचवा. सोमवारी अपडेट टाकायचंय.

भद्रकालीचा_राजा
"राम राम बळीराजा! थोडी अडचण आली, जरा धीर धरा 🙏" असं टाका. आपुलकी वाटली की निम्मा राग तिथंच जातो.

निरंजना
धीर कशासाठी धरायचा ते तर सांगा त्याला. ओझरकर, एरर नक्की कधी येतो? नेट नसताना, वेळ आधीच भरलेली असताना, की पैसे भरताना? जिथून मेसेज दाखवता तेवढा कोड टाका.

ओझरकर
सगळ्यालाच तोच येतो. कोडचा काय संबंध? मला वाक्य हवंय. असो, घ्या:

```kotlin
try {
    api.confirmBooking(req)
} catch (e: Exception) {
    Toast.makeText(this, R.string.error_generic, Toast.LENGTH_LONG).show()
}
```

निफाडची_सून
मला कोड कळत नाही, पण बहुतेक हेच अ‍ॅप आमच्याकडे आहे. सासऱ्यांना असाच मेसेज आला. "पुन्हा प्रयत्न करा" लिहिलंय म्हणून त्यांनी पुन्हा केला, तर २०० चे ४०० गेले आणि ट्रॉली एकच असून वेळा दोन मिळाल्या. केंद्रावरचा माणूस वर आम्हालाच बोलला. आणि तो मेसेज चष्मा सापडेपर्यंत गायब होतो हो! आबांनी मला हाक मारली, मी चुलीपासून येईतो स्क्रीन कोरी.

निरंजना
ताई, दोन्ही गोष्टी बरोबर पकडल्यात. LENGTH_LONG म्हणजे जेमतेम साडेतीन सेकंद, आणि अँड्रॉइड १२ पासून टोस्टला दोनच ओळी मिळतात. पैशाचा मेसेज टोस्टमध्ये नकोच. माणूस स्वतः बंद करीपर्यंत राहील असा स्क्रीनवर हवा.

दुसरं जास्त गंभीर आहे. ओझरकर, तुमचा catch सगळं एकाच पोत्यात भरतोय. UnknownHostException आला तर विनंती फोनमधून बाहेरच पडली नाही. सर्व्हरने ४०९ दिला तर विनंती पोचली आणि नाकारली गेली. पण SocketTimeoutException आला तर बुकिंग झालंय की नाही हे अ‍ॅपला माहीतच नसतं. बऱ्याचदा सर्व्हरने काम केलेलं असतं, फक्त उत्तर परत येताना हरवतं. आबांचं तेच झालं असणार. ५०२ आणि ५०४ सुद्धा याच खात्यात धरा. जे आपल्याला माहीत नाही त्याला "चुकले" म्हणायचं आणि वर पुन्हा करायला सांगायचं, तिथे घोळ आहे.

गंगापूररोड
एवढं रामायण कशाला? OkHttp चा रीड टाइमआउट मुळात १० सेकंदांचा असतो, तो ६० करा. शेतात रेंज कमी असते, उत्तर येतं पण उशिरा. आमच्या डिलिव्हरी अ‍ॅपला एवढ्यानेच तक्रारी पुष्कळ कमी झाल्या.

निरंजना
कमी होतील, हे मान्य. पण मिनिटभर नुसतं चक्र फिरताना पाहून माणूस अ‍ॅप बंद करून परत उघडतो आणि पुन्हा भरतो. आणि एकसष्टाव्या सेकंदाला काय दाखवायचं हा प्रश्न आहे तिथेच राहतो.

पंचवटीचे_काका
माझंही असंच झालं. वीजबिल भरलं, खात्यातून पैसे गेले, अ‍ॅपवर अजून थकबाकी दिसते. चार दिवस झाले. पुन्हा भरू का? लाइन कापतील का?

निरंजना
काका, पुन्हा भरू नका. बँकेच्या एसेमेसमधला यूपीआयचा १२ अंकी क्रमांक जपून ठेवा. दुकानदाराला किंवा कंपनीला केलेल्या यूपीआय पेमेंटची पोच तिकडे मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. लाइनचं मात्र वीज कार्यालयातच विचारा.

ओझरकर
ओके, म्हणजे तीन वाक्यं करायची. नेट नसेल तर "इंटरनेट नाही. बुकिंग झालेले नाही, पैसे कापलेले नाहीत." चालेल ना?

निरंजना
पैसे कुठल्या टप्प्यावर घेता?

ओझरकर
आधी यूपीआय अ‍ॅप उघडतं, पैसे भरून परत आले की confirmBooking जातं. सगळे असंच करतात, म्हणून सांगितलं नव्हतं.

निरंजना
अहो, मग ते वाक्य तुमच्याकडे चक्क खोटं ठरेल! पैसे भरून परत येताना नेट गेलं तर UnknownHostException येणार, आणि अ‍ॅप त्याला सांगणार की पैसे कापलेले नाहीत. तेवढ्यात बँकेचा एसेमेस खिशात वाजणार. त्यानंतर तुमच्या कुठल्याच मेसेजवर तो विश्वास ठेवणार नाही.

क्रम उलटा करा. आधी सर्व्हरवर बुकिंग "पैसे बाकी" म्हणून नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या, मग यूपीआय. ही नोंद करताना नेट गेलं तर तुमचं वाक्य खरं ठरतं. त्या नोंदीसाठी अ‍ॅपने स्वतःचा एक क्रमांक एकदाच बनवायचा आणि बटण कितीदाही दाबलं तरी तोच पाठवायचा. तो आधी आलेला असेल तर सर्व्हर नवी नोंद न करता जुनंच उत्तर देतो, म्हणजे दोन वेळांची भानगड मिटली. पैसे आल्याचं पेमेंट गेटवे थेट सर्व्हरला कळवतो, तेव्हा फोन बंद पडला तरी बुकिंग पक्कं होतं.

यूपीआयहून परतल्यावर पक्कं उत्तर नसेल तर हे दाखवा:

"पैसे पोचले का ते तपासत आहोत. तुमच्या खात्यातून २०० रुपये गेले असतील. पुन्हा भरू नका. उत्तर 'माझी बुकिंग' मध्ये दिसेल. अर्ध्या तासात दिसले नाही तर केंद्राला फोन करा आणि हा बुकिंग क्रमांक सांगा."

खाली दोन बटणं: "आता काय स्थिती आहे ते पाहा" आणि "केंद्राला फोन करा". पुन्हा भरण्याचं बटण त्या स्क्रीनवर ठेवूच नका.

भद्रकालीचा_राजा
एवढं मोठं कोण वाचतंय? आणि "गेले असतील" म्हटलं की माणूस घाबरतो.

निफाडची_सून
आबा वाचतील. पैशाचं असलं की एसेमेस तीनदा वाचतात ते. "पुन्हा भरू नका" तेवढं ठळक करा आणि सगळ्यात वर घ्या.

निरंजना
हो, वरच घ्या. माझ्या मसुद्यात ते फार खाली गेलंय.

ओझरकर
वेळ भरलेली असेल तर?

निरंजना
"बुधवारी सकाळी ९ ची वेळ भरली आहे. पैसे घेतलेले नाहीत. त्याच दिवशी ११ आणि २ ची वेळ मोकळी आहे." आणि त्या दोन वेळांचीच बटणं द्या, म्हणजे मागे जाऊन पुन्हा शोधायला नको.

गंगापूररोड
पण मग पैसे येईपर्यंत ती वेळ अडवून ठेवावी लागेल. कुणी नुसतंच अडवून बसलं तर? हंगामात भांडणं होतील.

निरंजना
१५ मिनिटं ठेवा, मग मोकळी करा.

गंगापूररोड
आणि यूपीआयचे पैसे विसाव्या मिनिटाला आले तर? तोवर वेळ दुसऱ्याला गेलेली असेल.

निरंजना
तर पैसे परत करायचे, नाहीतर पुढची वेळ द्यायची. ते कंपनीने ठरवायचं, मेसेज त्यानंतर लिहिता येईल. ओझरकर, क्लायंटला विचारा.

ओझरकर
विचारलं. म्हणे "तुम्हीच काहीतरी चांगलं लिहा." सर्व्हरवाला सोमवारपर्यंत क्रम बदलणार नाही म्हणतोय. तूर्त टोस्ट काढतो, "पुन्हा भरू नका" वर टाकतो आणि केंद्राचा नंबर देतो. फोन रविवारी कोण उचलणार, ते अजून कुणी सांगत नाहीये.