अनुभव धागा: गोदाकाठचा म्हातारा नावाडी, तुम्हाला काय म्हणाला होता?

थडीवरचा

मंडळी, सायखेड्याच्या खाली, नांदूर मधमेश्वरच्या फुगवट्यात आमच्या गावाला एक म्हातारा नावाडी होता. पूल व्हायच्या आधीची गोष्ट, साधारण 80 चं दशक. त्र्यंबकला जाणारे वारकरी, वणीला जाणारे, बडी दर्ग्याला जाणारे, नाशिकरोडच्या बाळ येशूला जाणारे असे सगळे त्याच्याच नावेतून यायचे-जायचे आणि बसल्या बसल्या काहीबाही विचारायचे, म्हातारा वल्हं मारता मारता उत्तर द्यायचा. परवा गावातल्या एका लग्नात त्याचा विषय निघाला तर प्रत्येकाजवळ वेगळाच म्हातारा निघाला. म्हणून म्हटलं विचारावं. फक्त एक, स्वतः ऐकलेलं किंवा घरातल्या माणसाने ऐकलेलं लिहा, फॉरवर्ड नको.

मीच सुरुवात करतो. मी सातवीत होतो, पौष महिना, निवृत्तिनाथांच्या यात्रेची दिंडी पलीकडच्या काठावर आलेली आणि मुक्काम आमच्या गावात. निफाड तालुक्यातली थंडी काय असते ते इथल्यांना सांगायला नको, त्यात पाण्यावर धुकं असं की नावेच्या या टोकाला बसलेल्याला ते टोक दिसेना. मी मामाकडून परत येत होतो म्हणून त्याच खेपेत बसलो. पंधरा-सोळा माणसं, वळकट्या, एक पखवाज. म्हाताऱ्याने जाडी माणसं मधे बसवली, काठावर बोटं लावून बघितली, चार बोटं काठ पाण्याच्या वर कोरडा राहिला तरच नाव सोडायची असा त्याचा नियम, दोघांना उतरवलं, पुढच्या खेपेला या म्हणाला.

निघालो तसं वारकऱ्यांनी भजन धरलं. टाळ-बिळ जोरात. मधे गेल्यावर म्हातारा एकदम ओरडला, "टाळ बंद करा!" सगळे गप्प. दिंडीतल्या एका बुवांना राग आला, म्हणाले अरे नावाडीदादा, आम्ही त्यालाच शोधायला चाललोय, त्याचं नाव घेऊ नको म्हणतोस? म्हातारा म्हणाला, "घ्या की, पण हळू घ्या. तुमच्या आवाजात मला पलीकडचं ऐकू येईना."

पलीकडे म्हणजे काय, तर आमच्या काठावर एकाचं डिझेल इंजिन चालायचं, पाणी उपसायचं. त्याची फटफट धरून तो नाव नेत होता. पण धुक्यात आवाज फसवतो, डावीकडून येतोय का समोरून कळत नाही, म्हणून मधूनमधून वल्हं आडवं ठेवून लांब बांबू खाली घालायचा. आधी गाळ लागला, बांबू रुतला. मग पुढे बांबू तळालाच लागेना, तेव्हा म्हणाला हे जुनं पात्र, खरी गंगा ही, बाकी धरणाचं साठलेलं. मग पुन्हा गाळ लागला तेव्हा तो निवांत झाला, विडी पेटवली. बुवा उतरताना त्याच्या पाया पडायला गेले तर हा मागे सरकला, म्हणे पाय चिखलाचे आहेत.

नाशिककर_भो

आमच्या वडिलांनी पण सांगितलंय त्याच्याबद्दल. तो सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, नदी एक आहे घाट वेगळे आहेत, कोणत्याही घाटाने उतरा पाणी तेच. आणि कुणाकडून एक पैसा घेत नसे. अशी माणसं आता नाहीत.

कोळ्याची नात

नमस्कार. मी त्यांची नात. आधी पैशाचं क्लिअर करते कारण ते दरवेळी निघतं. आजोबा पैसे घ्यायचे. गावातल्या लोकांकडून सुगीला धान्य मिळायचं, त्यामुळे गावच्या माणसाला रोजचं भाडं नाही. बाहेरच्याला भाडं, सायकलचं वेगळं, आणि सायकल सगळ्यात शेवटी चढवायची नि सगळ्यात आधी उतरवायची. यात्रेकरूकडे नसले तर मागायचे नाहीत एवढंच. नाव फुकट चालत नाही हो. दर उन्हाळ्यात पालथी घालून फळ्यांच्या फटीत सुतळी ठोकायची, वरून गरम डांबर, त्याचा खर्च आजीच्या डोक्याला असायचा.

आणि ते नदी एक घाट वेगळे वालं वाक्य आजोबांचं नाही. आमच्याकडे घाटच नव्हता, चिखल होता :) उलट ते म्हणायचे की कुठूनही उतरता येत नाही. कालव्याला आवर्तन सोडलं की फुगवटा खाली जायचा आणि काठावर ओला गाळ उघडा पडायचा, वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की मांडीपर्यंत. कुठे उतरायचं ते दर आवर्तनाला बदलायचं. एका मारवाडी यात्रेकरूने त्यांना विचारलेलं की बाबा सोपी वाट कोणती, तर म्हणाले काल सोपी होती ती आज नाही, मी सकाळी बघून आलोय म्हणून सांगतो, उद्या मलाही पुन्हा बघावं लागेल.

गोदा_फॅमिली_ट्रिप

सोमेश्वरची बोटिंग चालू आहे का सध्या? मुलांना न्यायचंय रविवारी. लाइफ जॅकेट देतात का?

थडीवरचा

ताई हा धागा वेगळा आहे, वेगळा धागा काढा प्लीज.

जुन्या नाशकातली

मी स्वतः नाही पण माझी आई. आम्ही मूळचे सिन्नर बाजूचे. माझा मोठा भाऊ चार वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता, आईने बडी दर्ग्याला मन्नत मानलेली. नदी ओलांडून औरंगाबाद रोडला एसटी पकडायची असं ठरवून ती एकटी निघाली पोराला घेऊन, अब्बा तेव्हा बाहेरगावी होते. नावेत रडायला लागली आणि त्या बाबांना म्हणाली, चाचा इतकी माणसं तिथे मागत असतात, त्यात माझं ऐकू जाईल का.

ते तिला म्हणाले, बेटी ते मला माहीत नाही, मी फक्त या पाण्याचं सांगतो. तू संध्याकाळी परत येशील, तेव्हा वारा पश्चिमेचा असतो, त्या काठावरून कितीही हाका मारल्या तरी माझ्या झोपडीपर्यंत पोचत नाहीत. लोक ओरडून ओरडून घसा बसवतात नि मला शिव्या देतात. तू ओरडू नको. दुपट्टा हलव. ऐकू नाही आलं तरी मी बघत असतो.

आई परत आली तेव्हा बऱ्यापैकी अंधार झालेला. तिने दुपट्टा हलवला, आणि ती सांगायची की हलवायच्या आधीच नाव निम्म्यात आलेली होती. आता हे खरं की आईने नंतर रंगवलं मला माहीत नाही. भाऊ पुढे बोलायला लागला, साडेपाच-सहा वर्षांचा झाल्यावर, डॉक्टर म्हणाले कानात प्रॉब्लेम होता. आई दोन्ही मानायची, डॉक्टरला पण आणि दर्ग्याला पण.

निवृत्त पाटकरी

मी पाटबंधारे खात्यात होतो, नांदूर मधमेश्वरलाच बरीच वर्षं. नातीने आवर्तनाचं अगदी बरोबर लिहिलंय. एक भर घालतो. लोकांना वाटतं पाणी वाढलं की धोका, पण फुगवट्यात उन्हाळ्यात ओढ नसते, नाव वाऱ्याने वाहते, पाण्याने नाही. पावसाळ्यात वर गंगापूरचं पाणी सोडलं आणि होळकर पुलाखालचा आकडा वाढत गेला की मगच इथे धार येते, आणि तीही उशिरा. तोवर पाणी निवांत दिसतं. म्हातारा काठावरच्या काड्या बघायचा. काडी उभ्या जागी गोल फिरत असेल तर नाव सोडायची, सरळ खाली जायला लागली की बांधून टाकायची. मग कुणी कितीही विनवू दे.

चैत्रात वणीच्या गडावर निघालेली एक पार्टी मी बघितली. पाणी चांगलं होतं, पण वावटळी वारा सुटला म्हणून त्याने दोन तास बसवून ठेवलं. त्यातला एक म्हणाला आमची देवी वाट बघतेय. हा म्हणाला, वाट बघतेय ना, मग थांबेल की.

मार्चमधला

इथे सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहू की नको वाटत होतं. लिहितो.

माझे आजोबा 1930 ला काळारामाच्या सत्याग्रहाला पायी गेले होते, 2 मार्चला तिथे होते. त्यांना याच थडीवर नावेत घेतलं नव्हतं. तेव्हाचा नावाडी म्हणजे या म्हाताऱ्याचा बाप. ते वर चालत जाऊन उथळ पाण्यातून छातीएवढ्या पाण्यात उतरून पलीकडे गेले, डोक्यावर गाठोडं धरून. पुढे बुद्धपौर्णिमेला वडील त्रिरश्मी लेण्यांवर जायला निघाले, 81 असेल, मी बरोबर होतो. वडिलांनी नावेत पाय ठेवायच्या आधी विचारलं, तुमच्या वडिलांनी माझ्या वडिलांना का बसवलं नाही?

मला वाटलं म्हातारा आता काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बसवलं नाही हे खरं. मी तेव्हा नावेतच होतो, पोरगा होतो. मला आठवतंय." बस. माफी बिफी नाही, त्याचा बाप चांगला होता वगैरे पण नाही. मग म्हणाला मधे बसा, मधे वजन लागतं. वडील म्हणाले मी पुढे बसणार. म्हातारा म्हणाला बसा. नाव पुढून जड झाली, सगळी वाट त्याला जास्त ओढावं लागलं, घामाघूम झाला, पण एकदाही मागे सरका म्हणाला नाही. वडिलांनी भाडं दिलं, त्याने घेतलं.

वडील नंतर कधी त्याला चांगला म्हणाले नाहीत की वाईट म्हणाले नाहीत.

कोळ्याची नात

दादा, हे घरात कुणी कधी बोललं नाही. वाचून हात थांबलाय. आजोबा मार्चमध्ये एक दिवस नाव बंद ठेवायचे एवढं मला माहीत आहे, आजी म्हणायची अंग दुखतंय म्हणून. यावर मी जास्त बोलत नाही, उगाच जोडायला नको.

नाशिककर_भो

ओके माझं चुकलं, वडिलांनी बहुतेक कीर्तनात ऐकलेलं मिक्स केलं. पण एक नक्की, त्यांनी जैन साध्वींना पलीकडे नेलं होतं ना? हे तरी खरं असेल.

निवृत्त पाटकरी

नेलं नाही. त्या आर्यिका माताजी होत्या, म्हसरूळला गजपंथाला निघालेल्या, हातात मोरपिसांची पिंछी. त्या नावेत बसणार नव्हत्याच. श्रावकांनी आधी येऊन विचारलं की पाणी न लागता वाट आहे का. त्याने पुलाची वाट सांगितली, चांगली दोन-अडीच तास लांब. तीही नुसती पूल तिकडे आहे अशी नाही, तर या बांधावरून जाऊ नका ओला आहे, गाळपेर केलेल्या रानातून नको, कोंब फुटलेत, बैलगाडीची जुनी चाकोरी धरा ती कोरडी आहे. श्रावक चकित झाले की याला एवढं कसं माहीत. तो म्हणाला दरवर्षी कुणीतरी येतंच. त्या दिवशी त्याचं भाडं बुडालं, पण शेवटच्या बाभळीपर्यंत तो बरोबर चालत गेला हे मी पाहिलंय.

बाळ येशू भक्त

आमची आजी दर फेब्रुवारीला निफाडहून त्याच्या नावेनेच नाशिकरोडला जायची. तिने एकदा मेणबत्ती नावेतच लावायचा हट्ट केला, वाऱ्याने विझू नये म्हणून भांड्यात ठेवून. म्हातारा म्हणाला, आजी, डांबर आहे, पेटली तर सगळे एकदमच देवाकडे. एवढंच आठवतं, सॉरी.

थडीवरचा

हाहा. ताई, तो लांब बांबू अजून आहे का घरी? धुक्यातला?

कोळ्याची नात

नाव गेली, पूल झाल्यावर दोन वर्षं पाणवेलीत पडून कुजली. बांबू आहे, आईने वाळवण टांगायला लावलाय. त्यावर तीन खाचा आहेत. खालची म्हणजे गुडघाभर गाळ, मधली म्हणजे इथून पुढे वल्हं घ्या. वरची कशाची ते वडिलांनाही माहीत नव्हतं. पाटकरीकाकांना माहीत असेल तर सांगा.

निवृत्त पाटकरी

वरची मी पाहिली आहे. विचारलं होतं. हसला होता फक्त.